राऊटर बंद-चालू केला आणि प्रिंटर ऑफलाइन, कॅमेऱ्यांची अदलाबदल

खटपट्या
मंडळी, काल रात्री वीज गेली, तासाभराने आली, राऊटर आपोआप सुरू झाला, नेटही आलं. आणि सकाळपासून घरात नुसता गोंधळ चाललाय. प्रिंटर तीनही लॅपटॉपवर ऑफलाइन दाखवतोय, प्रिंटरच्या स्वतःच्या स्क्रीनवर मात्र वायफायची खूण व्यवस्थित आहे. कॅमेरे तीन आहेत, रेकॉर्डर त्यांची चित्रं टीव्हीवर दाखवतो, त्यातला मागच्या अंगणाचा काळा पडलाय. पण फोनवरच्या अॅपमध्ये तोच कॅमेरा मस्त दिसतो! एक स्मार्ट प्लग पण मेलाय. बाकी बल्ब वगैरे ठीक.
प्रिंटरचा आयपी 192.168.1.5 होता, मीच कधीतरी लॅपटॉपमध्ये टाकला होता. पिंग केलं तर उत्तर येतं. म्हणजे प्रिंटर नेटवर्कवर आहे ना? मग ऑफलाइन का? ड्रायव्हर काढून परत टाकला, दोनदा. काही फरक नाही.

निवांतपंत
सोप्पं आहे. राऊटर रीस्टार्ट झाला की सगळ्यांना नवे आयपी मिळतात. प्रत्येक वस्तूच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टॅटिक आयपी टाका, कायमची कटकट संपली. मी सगळ्याला टाकलाय, चार वर्षं झाली हात लावला नाही.

खटपट्या
@निवांतपंत पण पिंगला उत्तर येतंय की जुन्या आयपीवर. नवा मिळाला असता तर उत्तर आलं नसतं ना?

वायरवाला
उत्तर येतंय, पण प्रिंटरच देतोय कशावरून? घराच्या नंबरवर फोन लावला आणि कोणीतरी 'हॅलो' म्हणालं, एवढंच कळलंय अजून. लॅपटॉपवर हे दोन चालवा, आणि दुसऱ्यात ‎.5 च्या ओळीत काय येतं ते इथे टाका:

```
ping 192.168.1.5
arp -a
```

आणि ड्रायव्हरच्या नादी लागू नका, त्याचा काही दोष नाही. प्रिंटरच्या मेनूत नेटवर्कची माहिती छापायचा पर्याय असतो, ते पान काढा. त्यावर प्रिंटरला आत्ता कुठला आयपी मिळालाय आणि त्याचा मॅक अॅड्रेस काय, दोन्ही असतं.

चष्मिष
माझा पण हाच प्रॉब्लेम आहे!! राऊटर रीस्टार्ट झाला की बाहेर असताना कॅमेरा दिसत नाही, घरी आल्यावर दिसतो. मी राऊटरमध्ये पोर्ट उघडून दिलंय आणि फोनमध्ये आयपी टाकलाय. दर वेळी तो आयपी बदलतो, परत बघून टाकावा लागतो. याला पण स्टॅटिक टाकू का?

वायरवाला
@चष्मिष तुमचं वेगळं आहे. तुमचा बदलतो तो बाहेरचा पत्ता, जो नेट देणारी कंपनी राऊटरला देते. खटपट्यांचा बदललाय तो घरातला, जो राऊटर वस्तूंना देतो. कॅमेऱ्यात स्टॅटिक टाकून तुमचा बाहेरचा पत्ता काही थांबायचा नाही. तुम्हाला डीडीएनएस लागेल, म्हणजे आकड्याऐवजी एक नाव, आणि राऊटर स्वतःच त्या नावामागचा आकडा अपडेट करत राहतो. पण कॅमेऱ्याचं पोर्ट असं जगाला उघडं ठेवू नका हो, त्यापेक्षा राऊटरवर व्हीपीएन असेल तर तो वापरा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

खटपट्या
केलं. पिंगला परत उत्तर आलं. arp मध्ये ही ओळ:

```
192.168.1.5     5e-31-c7-08-9d-42     dynamic
```

प्रिंटरचं पान काढलं तर त्यावर आयपी 192.168.1.9 आहे!! मॅकही वेगळाच आहे. मग ‎.5 वर कोण बसलंय?

वायरवाला
एखादा फोन, बहुतेक. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा, 5e मधला e. तिथे 2, 6, a किंवा e असेल तर तो मॅक कारखान्यातून आलेला नाही, यंत्राने स्वतःच बनवलेला आहे. घरात असं करणारे मुख्यतः फोनच, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोन आयओएस १४ पासून प्रत्येक वायफायसाठी असा खोटा मॅक घेतात. घरातल्या एकेका फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये बघा, एकात हाच आकडा सापडेल.

खटपट्या
धाकट्याचा फोन निघाला 😂 त्याला सांगितलं तू प्रिंटरच्या जागेवर बसलायस, तर म्हणे मी तर सोफ्यावर बसलोय.
आता कळलं, सकाळी तो शाळेत गेल्यावर पिंगला उत्तर येत नव्हतं, मला वाटलं प्रिंटर झोपला असेल.

आजोबा_ऑनलाइन
पण मला एक सांगा, राऊटर ही अशी जागांची अदलाबदल करतो कशाला? आदल्या दिवशी ज्याला जो आकडा दिला तोच परत द्यावा, सरळ हिशोब.

वायरवाला
@आजोबा_ऑनलाइन बरेच राऊटर 'कोणाला काय दिलं' ही वही नुसत्या मेमरीत ठेवतात, वीज गेली की वही कोरी. मग रीस्टार्टनंतर जो आधी येईल त्याला पहिला मोकळा आकडा. फोनला बॅटरी असते, तो वीज गेली तरी जागाच असतो, वायफाय दिसलं की दोन सेकंदात जोडला जातो. प्रिंटर बिचारा उठून, रोलर फिरवून, खडखड करून मिनिटाभराने येतो. तोवर ‎.5 गेलेला.
खरं तर वस्तूनेही 'मला मागचाच द्या' असं मागायचं असतं, आणि तो आकडा रिकामा असेल तर राऊटर देतोही. म्हणून तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही आणि लोकांना वाटतं आपले आयपी कायमचे आहेत. पण काही स्वस्तातले कॅमेरे, प्लग मागचा आकडा लक्षातच ठेवत नाहीत, दर वेळी नव्याने मागतात.

टिंबटिंब
सगळे राऊटर असे नसतात हां. माझा उघडा फर्मवेअरवाला आहे, त्यात dnsmasq आहे, तो मॅकवरूनच गणित करून आकडा काढतो, त्यामुळे वही पुसली तरी त्याच वस्तूला बहुधा तोच आकडा येतो. मी इतकी वर्षं कधी रिझर्वेशन केलंच नाही.

वायरवाला
बरोबर, 'बहुधा' या शब्दासकट. दोन वस्तूंचं गणित एकाच आकड्यावर आलं की दुसरीला पुढचा मिळतो, आणि मग परत कोण आधी आलं यावर आलंच.

दुपारची_झोप
मला एक कळत नाहीये, कॅमेरा फोनवर दिसतो आणि रेकॉर्डरवर काळा, असं कसं? एकच कॅमेरा आहे ना?

वायरवाला
कोण कोणाला फोन लावतं त्यावर आहे. अॅपच्या बाबतीत कॅमेरा स्वतः कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसलेला असतो, तुमचं अॅप त्याच सर्व्हरला विचारतं. घरातला आकडा बदलला काय नि न बदलला काय, त्याला फरक पडत नाही. रेकॉर्डर मात्र लिहून ठेवलेल्या आयपीवर थेट जातो. तिथे दुसरंच कोणीतरी असलं की चित्र काळं. लॅपटॉप-प्रिंटरचंही तेच.
म्हणून अॅपमध्ये चालतंय आणि रेकॉर्डरवर नाही असं दिसलं की आकडा बदलल्याचा संशय घ्या. अॅपमध्येही ऑफलाइन असेल तर बहुतेक आकड्याचा संबंध नाही, ती वस्तू वायफायवरच आलेली नाही. खटपट्या, तुमच्या प्लगचं हे दुसरं दुखणं वाटतंय.

खटपट्या
अरे थांबा थांबा. तुम्ही कॅमेऱ्यांचं बोललात म्हणून आत्ता टीव्हीवर नीट बघितलं. 'जिना' असं लिहिलेल्या चौकटीत मुख्य दरवाजा दिसतोय, आणि 'दरवाजा' लिहिलेल्या चौकटीत जिना!! सकाळपासून तसंच चालू असेल, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी फक्त काळ्या चौकटीकडे बघत होतो.

वायरवाला
हे होतं. दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे, पासवर्ड एकच ठेवलेला असणार. दोघांचे आकडे उलटसुलट झाले, रेकॉर्डरने ‎.6 वर जाऊन पासवर्ड दिला, दार उघडलं, चित्र आलं, तो खूश. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. त्यामुळे कालपासूनचं रेकॉर्डिंग चुकीच्या नावाखाली साठलंय हे कुठेतरी लिहून ठेवा, उद्या काही शोधायची वेळ आली तर जिन्याच्या नावाखाली दरवाजा शोधावा लागेल. काळा पडला तर निदान कळतं तरी, हे कळतच नाही.

आजोबा_ऑनलाइन
बाप रे. मीही जाऊन बघून आलो आमच्याकडचं. ठीक आहे. पण माझी तक्रार वेगळी, आमच्याकडे राऊटर सुरू झाल्यावर सगळं नीट चालतं आणि काही तासांनी एखादा कॅमेरा जातो. दर वेळी नाही, कधीकधी.

वायरवाला
कॅमेरा वायरने मधल्या स्विचला जोडलेला आहे का? आणि रात्री फक्त राऊटरच रीस्टार्ट होतो का?

आजोबा_ऑनलाइन
हो, स्विच बॅटरीवर आहे. राऊटर वेळ लावून पहाटे रीस्टार्ट होतो, मुलाने लावून दिलंय.

वायरवाला
मग कॅमेऱ्याला राऊटर गेल्याचं कळतच नाही, त्याची वायर तर स्विचमध्ये जिवंत आहे. तो जुना आकडा धरून बसतो. राऊटरची वही कोरी, त्याला तो आकडा रिकामा वाटतो. मुदत २४ तासांची असेल तर कॅमेरा साधारण निम्मी झाल्यावर, म्हणजे १२ तासांनी, नूतनीकरण मागायला येतो. तोवर मधे कोणाला तोच आकडा दिला गेला की भांडण. बरेच राऊटर आकडा द्यायच्या आधी तिथे कोणी आहे का हे पिंग करून बघतात, म्हणून दर वेळी होत नाही. पहाटेचा तो रीस्टार्ट काढून टाका, त्याने काही साधत नाही.

निवांतपंत
म्हणूनच म्हणतोय, स्टॅटिक टाका. कशाला एवढा खल.

वायरवाला
निवांतपंत, अर्धं बरोबर आहे तुमचं. आकडा पक्का करायचा, पण वस्तूत बसून नाही, राऊटरमध्ये. तुम्ही कॅमेऱ्यात ‎.20 टाकलात आणि राऊटरला मात्र 2 ते 254 सगळे वाटायची मुभा आहे, तर तो कॅमेरा बंद असताना राऊटर तोच ‎.20 पाहुण्याच्या फोनला देणार. तुमचं चार वर्षं निभावलं कारण तुमच्या वस्तू कधी बंदच नसतील, किंवा तुम्ही वाटपाची हद्द आधीच कमी केली असेल.

निवांतपंत
हद्द कमी केलीये. 100 ते 199 राऊटर वाटतो, माझे सगळे 100 च्या खाली.

वायरवाला
मग तुमचं पक्कं आहे, पण ही अर्धी गोष्ट तुम्ही सांगितलीच नव्हती 🙂

दुपारची_झोप
स्टॅटिकचा माझा अनुभव. कॅमेऱ्यात आयपी टाकला, डीएनएसची जागा रिकामी सोडली कारण काय लिहायचं कळलं नाही. चित्र छान दिसायचं. दोन महिन्यांनी बघते तर चित्रावरचं घड्याळ कितीतरी मिनिटं मागे. वेळ जुळवायला तो कुठल्या तरी सर्व्हरचं नाव शोधतो आणि नाव शोधायला डीएनएस लागतो. आणि नंतर राऊटर बदलला, नव्याचे आकडे 192.168.0 पासून, कॅमेरा 192.168.1 वरच अडून बसला. शिडी लावून वरचं बटण दाबून रीसेट केला. तेव्हापासून राऊटरमधूनच.

खटपट्या
बरं, मग राऊटरमध्ये करतो. नेमकं काय करू? तीन लॅपटॉपवर नवा ‎.9 टाकत बसू, का प्रिंटरला ‎.5 परत देऊ?

वायरवाला
‎.5 परत द्या, म्हणजे लॅपटॉपला हातच लावायला नको. राऊटरच्या पानावर Address Reservation किंवा Static Lease असं काहीतरी असेल, डीएचसीपीच्या आसपास. तिथे प्रिंटरचा मॅक आणि 192.168.1.5 अशी जोडी लिहून सेव्ह करा. मग त्या फोनचं वायफाय बंद करा, राऊटर रीस्टार्ट करा, प्रिंटर बंद करून चालू करा. प्रिंटर आला की फोनचं वायफाय चालू करा. सेव्ह करताना 'आकडा वापरात आहे' असं राऊटर म्हणाला, तर फोन बाजूला काढून परत सेव्ह करा.
कॅमेऱ्यांचंही तसंच. रेकॉर्डरच्या यादीत कुठल्या नावापुढे कुठला आयपी लिहिलाय ते बघा, आणि राऊटरमध्ये त्या त्या कॅमेऱ्याच्या मॅकला तोच आकडा द्या. कुठला मॅक कुठल्या कॅमेऱ्याचा हे अॅपमधल्या माहितीत दिसतं. त्यात चूक केलीत तर अदलाबदल कायमची पक्की होईल.

टिंबटिंब
राखीव आकडा वाटपाच्या हद्दीबाहेरचा घ्यावा ना? आत घेतला तर गोंधळ होतो असं वाचलंय.

वायरवाला
राऊटरवर आहे. काही राऊटर हद्दीच्या आतलाच आकडा घेतात, बाहेरचा लिहिला तर नाकारतात. काहींना बाहेरचाही चालतो. आतला असला तरी राखीव केल्यावर तो दुसऱ्याला देत नाहीत.

टिंबटिंब
माझ्या जुन्या राऊटरने दिला होता. राखीव असूनही. मी स्वतः बघितलंय.

वायरवाला
असेल, वाईट फर्मवेअर असतात. माझ्या बघण्यात नाही.

*(दुसऱ्या दिवशी)*

खटपट्या
अपडेट. कॅमेरे तिन्ही जागेवर, जिन्यात जिना आणि दरवाज्यात दरवाजा. मागच्या अंगणाचाही आला. पण प्रिंटर हट्टाने ‎.9 वरच येतोय! राऊटरमध्ये जोडी लिहिलीये, दोनदा तपासली, एक अक्षर चुकलेलं नाही. राऊटर तीनदा रीस्टार्ट केला. घरचे आता माझ्याकडे कसे बघतात ते सांगत नाही.

दुपारची_झोप
मॅक कुठून घेतलात? मागच्या स्टिकरवरून का?

खटपट्या
हो, प्रिंटर भिंतीपासून ओढून टॉर्च लावून वाचला. छापलेलं पान कोणीतरी रद्दीत टाकलं होतं.

दुपारची_झोप
तुमच्या प्रिंटरला मागे नेटवर्कच्या वायरचं भोक आहे का? असेल तर त्याला दोन मॅक असतात, एक वायरचा, एक वायफायचा. स्टिकरवर बरेचदा वायरचाच असतो. पान परत छापा आणि Wireless खाली लिहिलेला घ्या. मी पण यात अडकले होते, दोन्हीत शेवटच्या एकाच अक्षराचा फरक होता.

खटपट्या
🙏🙏 तेच! स्टिकरवर शेवटी 4a, पानावर 4b. बदललं, प्रिंटर बंद-चालू केला, ‎.5 वर आला. तीनही लॅपटॉपवर काही न करता ऑनलाइन. आणि कालपासूनच्या रांगेतली अकरा पानं धडाधड बाहेर आली, त्यातली आठ मी तपासायला पाठवलेली टेस्ट पेजेस.

वायरवाला
वा. ते राखीव पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा. राऊटरचा फॅक्टरी रीसेट झाला तर ही यादी पण जाते. आणि धाकट्याच्या फोनला राखीव आकडा द्यायच्या भानगडीत पडू नका, त्याचा मॅक केव्हा बदलेल सांगता येत नाही.

चष्मिष
मी नवा धागा काढला. कोणीच उत्तर दिलं नाही.

टिंबटिंब
@खटपट्या लॅपटॉपवर Printer properties मध्ये Ports बघा एकदा, Standard TCP/IP Port आहे का WSD. WSD असेल तर तो आकड्यावर नाही, प्रिंटरला शोधून जोडतो, मग हे सगळं लागतच नाही.

खटपट्या
Standard TCP/IP आहे. आधी WSD होता, मधेच प्रिंटर गायब व्हायचा म्हणून मीच बदलला होता.

निवांतपंत
WSD पेक्षा आकडाच बरा. +१

टिंबटिंब
माझ्याकडे WSD वर कधी त्रास नाही झाला.

खटपट्या
आता राहिला प्लग. अॅपमध्ये ऑफलाइन, राऊटरच्या यादीतही नाही, म्हणजे वायरवाला म्हणतात तसं तो आलाच नाहीये. दिवा हळू लुकलुकतोय.

वायरवाला
राऊटरवर 2.4 आणि 5 दोन्हीचं नाव एकच आहे का? हे प्लग बहुतेक 2.4 वरच चालतात. आणि वायफायची सुरक्षा नुसती WPA3 झालीये का तेही बघा, जुने प्लग तिथे अडकतात.

खटपट्या
नाव एकच आहे, पण आधीही एकच होतं, तेव्हा चालत होता. सुरक्षा बघतो. प्लगपर्यंत पोचायला कपाट सरकवावं लागेल, ते रविवारी.